दोरा आणि मेण: एकाच रंगाच्या दोन ओढण्या

१४ नोव्हेंबर

जानेवारीत कर्वेनगरच्या एका बचत गटासाठी रंगकामाची कार्यशाळा घ्यायची आहे. मागच्या वेळी तिथल्या काकूंनी विचारलं होतं, "अगं, बांधणीचा ठिपका कडेला असा विरघळल्यासारखा दिसतो, आणि बाटिकची रेघ कशी सुरीनं कापल्यासारखी. रंग वेगळे असतात का?" रंग वेगळे असायची काहीच गरज नाही. फरक पडतो तो रंग अडवणाऱ्या वस्तूमुळे. हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून दोन ओढण्या करायला घेते आहे. कापड एकच, रंग तेच, रंगांचा क्रमही तोच: आधी पिवळा, मग लाल, शेवटी गडद निळा. एका ओढणीत रंग अडवायला दोरा, म्हणजे बांधणी, दुसरीत मेण, म्हणजे बाटिक.

रविवार पेठेतून मलमल आणली. अडीच मीटरचे दोन तुकडे, घरच्या काट्यावर प्रत्येकी १६० ग्रॅम भरले. रंग 'कोल्ड ब्रँड' म्हणून मागून घेतले. हे रिअॅक्टिव्ह रंग सुती धाग्याला नुसते चिकटत नाहीत, सोड्याच्या पाण्यात त्याच्याशी रासायनिक बंधच जोडतात, आणि तेही कोमट पाण्यात. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनं असे रंग १९५६ साली बाजारात आणले. त्याआधी सुती कापडावर पक्का रंग हवा तर अनेक रंगांना उकळी लागायची. बाटिकवाल्याला उकळी चालत नाही, मेण वितळून जातं. जावामध्ये बाटिकची इतकी भरभराट झाली त्यात निळीचा मोठा वाटा आहे, कारण निळीचं पिंप थंडच असतं. उलट कच्छच्या अजरख या ठसेकामात कापड लाल रंगासाठी उकळावं लागतं, त्यामुळे तिथं मेणाऐवजी चुना आणि डिंकाचं मिश्रण ठशानं लावतात. म्हणजे कोणता रंग वापरायचा यावर तो कशानं अडवायचा ते ठरतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

१६ नोव्हेंबर

खळ काढली. बाजारातल्या मलमलीला खळ असतेच, आणि खळ राहिली की रंग डागाडागांनी चढतो. मग बांधणीत कुठली पांढरी जागा दोऱ्यामुळे राहिली आणि कुठली खळीमुळे, हे ओळखताच येत नाही. मोठ्या पातेल्यात साबणाचा चुरा आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून दोन्ही तुकडे तासभर उकळले. पाणी चहासारखं पिवळट झालं. वाळल्यावर कापडावर पाण्याचा एक थेंब सोडला, तो क्षणात आत गेला. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळायचं.

भाचा रसायनशास्त्र शिकतो, तो आला होता. म्हणाला, "मावशी, आयोडीन टाकून बघ ना." मलमपट्टीच्या डब्यातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून कोपऱ्यावर टाकलं. खळ असती तर डाग निळा-काळा झाला असता. पिवळाच राहिला. काम झालं.

पाण्याचंही एक ठरवून टाकलं. आमच्या सोसायटीत दोन नळ आहेत, एक महापालिकेचा आणि एक बोअरचा. बोअरच्या पाण्यात सोडा टाकला की बादली दुधाळ होते, खाली पांढरा गाळ बसतो. पाण्यातला चुना सोड्याबरोबर बाहेर पडतो आणि कापडावर बसून रंग फिका करतो. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं. रंगाच्या बादलीसाठी तेच साठवायचं, धुण्याला बोअरचं चालेल.

२० नोव्हेंबर

आज फक्त दोऱ्याची चाचणी. मोठ्या कापडाला हात लावण्याआधी पट्ट्यांवर मुद्दाम बऱ्या-वाईट गाठी मारून बघायच्या, म्हणजे कार्यशाळेत चुकलेला ठिपका कसा दिसतो तेही दाखवता येईल.

दोरा रंग कसा अडवतो, ते मुळापासून असं आहे. मेणासारखा तो कापडावर थर देत नाही. तो दाबतो. चिमटीत उचललेल्या कापडाच्या टोकाभोवती दोरा आवळला की त्याखाली कापडाच्या घड्या एकमेकींवर इतक्या घट्ट बसतात की धाग्यांमधली पोकळीच उरत नाही. पाणी पोकळीतून चढतं, पोकळी नाही तर पाणी नाही आणि रंगही नाही. म्हणून ठिपका किती शुभ्र राहील ते दोरा किती जाड आहे यापेक्षा तो किती ताणून गुंडाळला यावर ठरतं. जाड दोऱ्यानं रुंद कडं मिळतं, पांढरेपणा ताणातून येतो.

चार प्रकारे बांधलं. पहिल्या पट्टीवर घट्ट गाठी, पण कापड कोरडंच रंगात टाकलं. दुसरीवर तशाच गाठी, पण रंगात टाकण्याआधी पट्टी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवली. तिसरीवर सैल गाठी. चौथीवर सुती दोऱ्याऐवजी शिवणकामाचा पॉलिस्टर दोरा. चारही पट्ट्या लाल रंगाच्या एकाच बादलीत एकाच वेळी घातल्या आणि एकाच वेळी काढल्या.

संध्याकाळी सोडून पाहिल्या. सगळ्यात मोठा फरक पहिल्या दोन पट्ट्यांत होता, आणि तिथं गाठी सारख्याच होत्या! कोरड्या पट्टीवर रंग दोऱ्याखालून आत शिरला होता, पांढऱ्या कड्याच्या आतल्या बाजूला गुलाबी जिभा दिसत होत्या. भिजवलेल्या पट्टीवर कडं स्वच्छ होतं. कोरडं कापड पाणी ओढून घेतं आणि पाण्याबरोबर रंगही ओढला जातो. आधीच पाणी प्यायलेल्या कापडात ओढ उरत नाही. मग रंगाला त्या साचलेल्या पाण्यातून हळूहळू पसरतच आत जावं लागतं, आणि दोऱ्याखालच्या चिंचोळ्या जागेत तासाभरात तो फार लांब पोचत नाही. बांधून झाल्यावर गाठोडं आधी पाण्यात भिजवायचं ही रीत कशासाठी, ते या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की समजतं.

सैल गाठींचे ठिपके फिके लाल झाले, पांढरा कुठंच नाही, पण कडं कुठं होतं ते ओळखू येतं. पॉलिस्टर दोऱ्याचे ठिपके मधल्यामध, एका बाजूला बरे आणि दुसऱ्या बाजूला फुटलेले. कारण सुती दोरा भिजला की फुगतो आणि पिळामुळे आखडतो, म्हणजे रंगाच्या बादलीत गाठ आपोआप आणखी आवळते. पॉलिस्टर पाणी पीत नाही, गाठ मारली तेवढीच राहते. वर तो गुळगुळीत, म्हणून सरकतोही.

२३ ते ३० नोव्हेंबर

बांधणीच्या ओढणीचं बांधकाम. हा आठवडा बहुतेक चिमटीतच गेला, लिहिण्यासारखं थोडं आहे.

नक्षी साधी ठेवली: मधे ठिपक्यांचं एक चक्र आणि चारही कडांना दोन ओळी. कापडाची चौपदरी घडी घातली. कच्छमध्ये असंच करतात, त्यामुळे एकदा बांधलेला ठिपका चार ठिकाणी उमटतो आणि नक्षी आपोआप सममित येते. चारापेक्षा जास्त पदर घेऊ नयेत. आत गेलेल्या पदरांना दाब कमी मिळतो आणि तिथले ठिपके पुसट येतात. चार पदरांतही सगळ्यात आतला जरासा मऊ दिसणारच. खुणा पाण्यात कालवलेल्या गेरूनं केल्या. गेरू नुसत्या धुण्यानं जातो, पेन्सिल जात नाही.

बांधताना ठिपक्याच्या जागी खालून बोटानं कापड वर ढकलायचं, नखानं टोक धरायचं आणि त्याच्या खाली दोरा पाच-सहा वेळा गुंडाळायचा. कच्छ-सौराष्ट्रातल्या बायका करंगळीचं नख त्यासाठी वाढवतात किंवा टोकदार अंगठी घालतात, आणि दोरा एका बारीक नळीतून ओवून घेतात, म्हणजे तो बोटाला कापत नाही आणि ताण सारखा राहतो. मी बॉलपेनची रिकामी नळी वापरली, चांगली चालली. महत्त्वाचं असं की प्रत्येक ठिपक्यानंतर दोरा तोडायचा नाही. शेवटचा फेर अडकवून तोच दोरा पुढच्या ठिपक्यावर न्यायचा. तिथं मजुरीही ठिपक्यांवर मोजतात, चार ठिपक्यांची एक कडी.

गुंडाळलेल्या दोऱ्याच्या वर कापडाचं इवलंसं टोक उघडंच राहतं. रंगात ते रंगतं. म्हणून खऱ्या बांधणीच्या ठिपक्यात पांढऱ्या कड्याच्या मधोमध रंगाचा एक बिंदू असतो. आणि ठिपका गोल नसतो, साधारण चौकोनी असतो, कारण चिमटीत कापड चार बाजूंनी दुमडतं. दोन्ही गोष्टी ओढणीवर मुद्दाम मोठ्या ठेवल्या आहेत, लांबून दिसाव्यात म्हणून.

दोऱ्याला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे अखंड रेघ. ओढणीच्या कडेची ओळ ही ठिपक्यांचीच रांग आहे. सलग पट्टे हवे असतील तर कापड तिरकं गुंडाळून वळकटी बांधावी लागते, राजस्थानातल्या लहरियासारखी, आणि मग फक्त पट्टेच मिळतात.

४ डिसेंबर

पहिला रंग. पांढरे राहायचे ते ठिपके बांधून झालेत, आता पिवळा.

हिशेब असा: कापडाच्या वजनाच्या वीसपट पाणी, म्हणजे ३.२ लिटर. पिवळा रंग कापडाच्या २ टक्के, म्हणजे ३.२ ग्रॅम. मीठ लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे एकूण कापडाच्याच वजनाइतकं, १६० ग्रॅम. धुण्याचा सोडा लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम. मीठ आणि रंगात कापड अर्धा तास फिरवायचं, मग कापड बाजूला काढून सोडा विरघळवायचा आणि पुन्हा तासभर. मीठ रंगाला कापडाकडे ढकलतं, सोडा त्याला तिथं कायमचा जोडतो. सोडा पडला की रंगाचं घड्याळ सुरू होतं, कारण तो कापडाशी जसा जोडला जातो तसा पाण्याशीही, आणि पाण्याशी जोडला गेलेला रंग पुन्हा कापडाला लागत नाही. काल सोडा घातलेला रंग आज वापरायचा नाही, दिसायला कितीही गडद असला तरी.

बादलीतून काढल्यावर गाठोडं पिळायचं नाही. पिळलं की रंगाचं पाणी दाबानं दोऱ्याखाली घुसतं आणि तासाभराची मेहनत एका पिळात जाते. पंचात गुंडाळून दाबायचं. नंतर गार पाण्यात पुन्हा पुन्हा हिसळायचं, गाठी न सोडता.

मग पिवळे राहायचे ते ठिपके बांधले. आधीचे पांढरे ठिपके तसेच बंद. हा क्रम उलटा करता येत नाही. हे रंग पारदर्शक असतात, खालचा झाकत नाहीत, त्याच्यात मिसळतात. पिवळ्यावर लाल चढवला की नारिंगी झाक असलेला लाल मिळतो. लालावर पिवळा चढवला तरी लालच राहतो, पिवळा ठिपका काही मिळत नाही. फिक्यापासून गडदाकडे जायचं, आणि जो रंग जपायचा तो पुढच्या बादलीआधी बांधून टाकायचा.

१० डिसेंबर

लाल (३ टक्के) झाला, लाल ठिपके बांधले, मग गडद निळा (५ टक्के). लाल-नारिंगीवर निळा चढून जवळपास काळा आला, उन्हात धरला तर जांभळट तपकिरी. ठरवल्यासारखाच. गाठी असतानाच साबणाच्या उकळत्या पाण्यात दोनदा काढली, त्याआधी गार पाण्यानं मीठ पूर्ण घालवलं. मीठ असलेल्या पाण्यात सुटा रंग पांढऱ्यावर जाऊन बसतो, मीठ गेल्यावर गरम पाण्यात तो निमूट निघून जातो.

आता ओढणी गाठींसकट दोरीवर. पूर्ण वाळेपर्यंत सोडायची नाही. ओली सोडली तर दोऱ्यात साठलेला गडद रंग पांढऱ्या कड्याला लागतो, आणि चुण्याही राहत नाहीत. वाळताना कापडाला जी टोकंटोकं येतात ती बांधणीची अर्धी शान आहे.

१४ डिसेंबर

आता मेण. आधी मेणाच्याच पट्ट्या.

तीन मेणं घेतली: नुसतं पॅराफिन, नुसतं मधमाशीचं मेण, आणि दोन भाग पॅराफिन एक भाग मधमाशीचं. पॅराफिन ५५-६० अंशाला वितळतं आणि गार झालं की कडक आणि ठिसूळ होतं. मधमाशीचं ६२-६४ अंशाला वितळतं, गार झाल्यावरही लवचीक राहतं आणि कापडाला धरून बसतं.

पण वितळलेलं मेण म्हणजे लावण्याजोगं मेण नव्हे. दोरा दाबून पोकळी बंद करतो, मेणाला ती भरावी लागते. त्यासाठी ते पातळ होऊन कापडाच्या आरपार गेलं पाहिजे. नुकतंच वितळलेलं, ७० अंशाचं मेण ब्रशनं लावलं तर ते कापडावर पांढरट थर होऊन बसलं. वरून छान रेघ. पट्टी उलटी केली तर मागं काहीच नाही. रंगात टाकल्यावर रंग मागच्या बाजूनं आला आणि रेघेखालचं कापड अर्धवट रंगलं, थर काही ठिकाणी पापुद्र्यासारखा सुटला. ११० ते १२० अंशाचं मेण लावलं तेव्हा कापड तेलकट कागदासारखं पारदर्शक झालं आणि मागची रेघ पुढच्याइतकीच स्पष्ट होती. थर्मामीटर नसेल तर हीच खूण. पांढरं दिसलं की मेण गार आहे, पारदर्शक दिसलं की बरोबर, आणि धूर दिसला की गॅस लगेच बंद. मेणाचा भडका उडाला तर पाणी अजिबात मारायचं नाही, झाकण ठेवायचं. कार्यशाळेत विजेची शेगडी आणि शेजारी घट्ट बसणारं झाकण, या दोन गोष्टी असल्याशिवाय मेण सुरू करणार नाही.

कापड ओलसर असतानाही मेण आत जात नाही, तेही एका पट्टीवर करून ठेवलं.

१५ डिसेंबर

तिन्ही मेणांच्या पट्ट्या रंगवल्या. गार पाण्यातून काढून प्रत्येक पट्टी मुठीत एकदाच चुरगाळली, मग लाल रंगात. पॅराफिनवर भेगांचं दाट जाळं आलं आणि काही ठिकाणी मेणाचा टवकाच उडाला, तिथं लाल डाग. मधमाशीच्या मेणावर एकही भेग नाही, फक्त दोन-तीन दुमडल्याच्या रेषा. मिश्रणावर विरळ, लांब भेगा, केसासारख्या बारीक. ओढणीसाठी मिश्रण पक्कं केलं.

या भेगांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आपल्याकडे उज्जैनजवळच्या भेरूगडचं किंवा कच्छच्या मुंद्र्याचं बाटिक घेताना लोक भेगा बघूनच खूश होतात, आणि त्या सुंदर दिसतातही. पण जावाच्या जुन्या बारीक कामात भेग ही कारागिराची उणीव धरली जायची. भेग म्हणजे मेण अपयशी ठरलेली जागा, रंगानं शोधलेली वाट. ती हवी तिथं आणि हवी तेवढीच आली तर नक्षी, नाहीतर नुसता गोंधळ. सगळ्या कापडावर चुरगाळून भेगा आणण्यात काही कसब नाही.

२१ डिसेंबर

ओढणी लाकडी चौकटीवर ताणली. कापड खाली टेकता कामा नये, टेकलं की मेण खालच्या फळीला चिकटतं आणि उचलताना थर तुटतो. रेघांसाठी जावाची चांतिंग वापरली: लाकडी दांडा, पुढं तांब्याची छोटी वाटी आणि तिला चोचीसारखी नळी. बांधणीत जे चक्र ठिपक्यांनी केलं तेच इथं अखंड रेघेनं काढलं, कडेच्या दोन ओळीही. सकाळी खोली इतकी गार होती की वाटीतलं मेण नळीच्या तोंडाशी गोठत होतं. दुपारी बाराच्या पुढं काम सुरळीत झालं. वाटीत मेण अर्धंच भरायचं आणि दर काही रेघांनी पुन्हा पातेल्यात बुडवायचं.

रंगाचं पाणीही दुपारचंच. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी नळाचं पाणी इतकं गार असतं की रंग नीट जोडलाच जात नाही, शिवाय मेण ठिसूळ होऊन वाटेल तिथं तडकतं. बादली गच्चीवर उन्हात ठेवून पाणी २८-३० अंशावर आणलं. ३५ च्या पुढं जायचं नाही, मेण वितळायच्या बरंच आधी मऊ होतं आणि कडा सरकतात. मे महिन्यात अडचण नेमकी उलटी असते: रंग झकास लागतो, पण गच्चीवर मेणाच्या घड्या एकमेकींना चिकटतात. मेणकामाला पुण्यात फेब्रुवारीची दुपार सगळ्यात सोयीची.

पिवळा झाला. मग पिवळं राहायचं तिथं मेण, मग लाल. क्रम बांधणीचाच, पहिलं मेण शेवटपर्यंत जागेवर.

२४ डिसेंबर

लाल बादलीनंतर चक्राची कड बोटाला बुळबुळीत लागत होती आणि मेण तिथं पांढुरकं झालं होतं. भाच्याला दाखवलं. त्यानं बोटं चोळून वास घेतला. "मावशी, हा साबण झालाय. मधमाशीच्या मेणात थोडी आम्लं असतात, सोड्याबरोबर त्यांचा साबण होतो. पॅराफिनला सोडा काही करत नाही." पट्ट्यांवर हे दिसलं नव्हतं, कारण त्या एकाच बादलीतून गेल्या होत्या. ओढणीला तीन सोसायच्या आहेत. म्हणून निळ्याआधी सगळ्या कडांवर मेणाचा दुसरा हात फिरवला, मागून आणि पुढून. निळ्याच्या बादलीत सोडा घातल्यावर बरोबर एक तास, त्यापुढं ठेवायचं नाही. बांधणीला अर्धा तास जास्त झाला तरी फारसं बिघडत नव्हतं, इथं बिघडतं.

निळा काढल्यावर एक दिवस ओली ओढणी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, रंगाला पूर्ण जोडला जायला वेळ मिळावा म्हणून. पुढं तिला उकळायची आहे.

२७ डिसेंबर

मेण काढलं. आधी रद्दीच्या कागदांमध्ये घालून इस्त्री, कागद बदलत. बरंचसं मेण कागदात जातं, पण रेघांभोवती तेलकट सावली राहते आणि कापड ताठ लागतं. ते उकळल्याशिवाय जात नाही. साबण आणि सोड्याच्या पाण्यात वीस मिनिटं उकळली, काठीनं सतत खाली दाबत. मेण वर तरंगलं. कापड गरम असतानाच काढून दुसऱ्या गरम पाण्यात घातलं, नाहीतर वर येताना तेच मेण पुन्हा अंगाला लागतं. रंगाचं पाणी थोडं सुटलं, ओढणी फिकी झाली नाही. रिअॅक्टिव्ह रंगाचा बंध इथं कामी येतो, साधा डायरेक्ट रंग असता तर उकळीत अर्धा उतरला असता.

बांधणीच्या ओढणीची एक बाजू सोडून पाहिली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. भिंगातून पाहिलं.

बांधणीचा ठिपका: मधे काळपट बिंदू, त्याभोवती पांढरं कडं, आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे जाताना सुतासारख्या पट्टीत आधी फिका पिवळा, मग तांबूस, मग काळा. प्रत्येक बादलीत रंग दोऱ्याखाली थोडा थोडा शिरला, आणि दरवेळी दोरा ओला होऊन आवळला गेल्यामुळे पुढचा आधीच्या इतका आत गेला नाही. तीनही बादल्यांचा इतिहास त्या कडेवर आहे. बाटिकची रेघ: पांढऱ्याला लागून थेट काळा, मधे काही नाही. धाग्याच्या एका बाजूला मेण होतं आणि दुसऱ्या बाजूला नव्हतं, एवढंच. फक्त एका वळणावर केसाएवढी भेग पांढऱ्यातून आरपार गेली आहे, आणि तिचा रंग नुसता निळा आहे, म्हणजे ती शेवटच्या बादलीत पडली. पिवळ्यात पडली असती तर त्याच वाटेनं पुढचे दोन्ही रंग आत येऊन ती काळी दिसली असती. भेगेचा रंग बघून ती कधी पडली ते सांगता येतं, हे काकूंना नक्की आवडेल.

४ जानेवारी

कार्यशाळेसाठी नमुने लावले. छापील बांधणीचा एक दुपट्टाही ठेवला आहे, तुलनेसाठी. त्याच्यावर सगळे ठिपके तंतोतंत एकसारखे आहेत, मागची बाजू फिकी आहे आणि चुण्या नाहीत. छापील बाटिकमध्ये भेगांचं जाळं बघायचं: थोड्या अंतरानं तीच भेग, तेच वळण पुन्हा आलं की तो छाप आहे. खरी भेग दोनदा तशीच पडत नाही.

बांधणीच्या ओढणीची उरलेली बाजू बांधलेलीच ठेवली. ती बायकांनीच सोडावी. दोघींनी दोन टोकं धरून तिरकं ओढायचं, कात्री लावायची नाही. दोरा न तोडता बांधल्यामुळे फेर एकापाठोपाठ टपटप सुटत जातात. एखादा अडला तर तो ठिपका पुन्हा थोडा ओढायचा, नखानं उकरायचं नाही, मलमल फाटते.

पातेल्यावर गोठलेली मेणाची चकती उचलून वेगळ्या डब्यात ठेवली आहे. ती पुन्हा वापरता येते, पण तिच्यात पाणी, साबण आणि रंग अडकलेला असतो आणि तापवली की पाण्याचे थेंब फुटून गरम मेण अंगावर उडतं. डब्यावर चिठ्ठी लावली: आधी मंद आचेवर, तडतड थांबेपर्यंत, आणि फक्त मोठ्या भागांच्या भरणीसाठी. उकळलेलं पाणी गार होऊन थर उचलल्याशिवाय मोरीत ओतायचं नाही, तेही त्याच चिठ्ठीवर लिहिलं.